संकष्टी आदल्या दिवशी का?

पंचांगात वाराशेजारी छापलेली तिथी ही सूर्योदयाची असते, हे आधी लक्षात घ्या. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, मग ती दुपारी संपो वा मध्यरात्री. अमावास्येनंतरच्या पंधरा तिथी शुद्ध पक्षाच्या, पौर्णिमेनंतरच्या वद्य पक्षाच्या. संकष्टी वद्य चतुर्थीची, पण तिला चंद्रोदय लागतो.

समजा, मंगळवारी तृतीया दुपारी ४ पर्यंत आणि चतुर्थी बुधवारी दुपारी २ पर्यंत आहे. पंचांगात चतुर्थी बुधवारसमोर दिसेल. पण चंद्र उगवतो रात्री नऊच्या सुमारास, आणि तेव्हा चतुर्थी मंगळवारीच असते. उपास मंगळवारी, म्हणजे अंगारकीच! म्हणून तिथीसमोरची समाप्तीची वेळ वाचाच.