बॅक टायट्रेशन: 'उलट' की 'उरलेलं'?

प्रश्न: खाद्यतेलाची सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू काढताना बॅक टायट्रेशन करतात त्याला 'उलट अनुमापन' म्हटलं तर चालेल का? उलट नक्की काय होतं त्यात?

चालेल पण दिशाभूल होते असं मला वाटतं, कारण उलट काहीच होत नाही, ब्युरेटमधून ॲसिडच पडतं आणि फ्लास्कमध्ये अल्कलीच असते. इथला 'बॅक' म्हणजे मागे उरलेलं. तेल आणि अल्कलीची रिॲक्शन इतकी सावकाश होते की थेंब थेंब टाकून शेवट पकडता येत नाही, म्हणून आधी गरजेपेक्षा जास्त अल्कली ओतायची, तेलाला हवी तेवढी खाऊ द्यायची आणि मग शिल्लक मोजायची.

म्हणजे बघा, २ ग्रॅम तेल घेतलं, त्यात २५ मिली अर्धा नॉर्मल अल्कोहोलिक पोटॅश पिपेटने घातला (अल्कोहोल अशासाठी की तेल आणि पोटॅश एकमेकांत नीट मिसळावेत) आणि कंडेन्सर लावून तासभर उकळलं. तेलाचे थेंब दिसेनासे होऊन द्रावण स्वच्छ झालं पाहिजे, नाहीतर साबण अर्धवटच झालाय आणि उत्तर कमी येणार. मग फिनॉल्फ्थॅलीन टाकून गुलाबी रंग जाईपर्यंत अर्धा नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडलं, समजा ११.२ मिली लागलं. तेल न घालता बाकी सगळं तसंच केलेल्या दुसऱ्या फ्लास्कला २४.८ लागलं. फरक १३.६, तेवढी अल्कली तेलाने खाल्ली. १३.६ × ०.५ × ५६.१ भागिले २, म्हणजे साधारण १९१, एक ग्रॅम तेलाला इतके मिलिग्रॅम पोटॅश.

आता 'उलट' शब्दाने घोळ कुठे होतो तर इथे, मुलं ११.२ वरूनच थेट व्हॅल्यू काढायला बसतात. पण ते शिल्लकीचं माप आहे, ते जितकं मोठं तितकी व्हॅल्यू लहान! 'शेष अनुमापन' म्हटलं की हे शब्दातच कळतं, म्हणून मी तोच वापरतो.

शब्दाने आणखी एक गोष्ट आठवते, की शेष राहिलंच पाहिजे. खोबरेल तेलाची व्हॅल्यू २५५ च्या आसपास असते, ते ३ ग्रॅम घेतलंत तर त्याला २७ मिली लागेल आणि तुम्ही घातलंय २५, मग मोजणार काय? ॲसिडचं रीडिंग जवळपास शून्य आलं तर तेल कमी घेऊन परत करायचं.

आणि ब्लँकला, म्हणजे तेल न घातलेल्या त्या दुसऱ्या फ्लास्कला, 'कोरं' म्हणा, छान शब्द आहे. फक्त कोरं म्हणजे नुसता पोटॅश मोजून मोकळं व्हायचं असं नाही, तोही फ्लास्क बरोबरीने तासभर उकळायचा, कारण अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा शोषते आणि तो बदल दोन्हीकडे सारखा झाला तरच वजाबाकीत निघून जातो.