बातम्या वाचायच्या, पण शुक्रवारचा बंद भाव बघून

प्रश्न: पाच वर्षांपासून इंडेक्स फंडात एसआयपी आहे, पैसे अजून पंधरा वर्षं लागणार नाहीत. तरी बाजार पडल्याची बातमी वाचली की सगळं विकून टाकावंसं वाटतं. बातम्या वाचणं बंदच करू का?

बंद करू नका. वाचायचा दिवस बदला. मी शनिवारी सकाळी वाचतो, आणि त्याने काय फरक पडतो ते एका आठवड्याच्या आकड्यांवरून सांगतो, कारण तो आठवडा तुम्हालाही आठवत असेल.

शुक्रवार, ३१ मे २०२४. निफ्टी २२,५३० वर बंद झाला. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले आणि सोमवारी निफ्टी २३,२६३ वर गेला. मंगळवारी, ४ जूनला, लोकसभेचे निकाल अंदाजांपेक्षा वेगळे लागले आणि निफ्टी २१,८८४ वर आला. सेन्सेक्स एका दिवसात ४,३८९ अंकांनी घसरला. ‘गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले’ हा मथळा त्या संध्याकाळी सगळीकडे होता. पुढच्या शुक्रवारी, ७ जूनला, निफ्टी २३,२९० वर बंद झाला.

आता समजा ३१ मे रोजी तुमचे इंडेक्स फंडात १० लाख होते. सोमवारी ते साधारण १० लाख ३२ हजार झाले, मंगळवारी ९ लाख ७१ हजार, आणि शुक्रवारी १० लाख ३४ हजारांच्या जवळ. जो फक्त शुक्रवारचा बंद भाव बघत होता, त्याला आठवड्यात सव्वातीन टक्क्यांहून थोडी जास्त वाढ दिसली. जो रोज बघत होता, त्याने मंगळवारी ६१ हजार ‘गेलेले’ पाहिले. त्यातले ३२ हजार आदल्याच दिवशी आले होते, ते त्याच्या हिशेबात कधी धरलेच नव्हते. शुक्रवारपासून मोजलं तर मंगळवारची घट तीन टक्क्यांच्या आत होती. मथळा मात्र सोमवारच्या शिखरापासून मोजतो, आणि तेही अंकांत. त्यामुळे पहिली सवय ही लावा: अंकांचे टक्के करायचे, आणि कुठल्या दिवसापासून मोजलंय ते विचारायचं. सेन्सेक्स ७५ हजारांवर असताना ७५० अंकांची पडझड म्हणजे एक टक्का. अशी पडझड वर्षात अनेकदा होते.

दुसरी गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. मार्च २०२० मध्ये, २३ तारखेला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडून ७,६१० वर आला, आणि त्याच आठवड्यात मी अर्धा फंड विकला. ठरवलं, बातम्या सुधारल्या की परत घेऊ. पण बातम्या सुधारेचनात. एप्रिल गेला, मे गेला, रुग्णांचे आकडे वाढतच होते. ३१ ऑगस्टला संध्याकाळी सरकारने तिमाहीचा जीडीपी जाहीर केला: २३.९ टक्के घट. त्याहून वाईट आर्थिक बातमी मी आयुष्यात वाचली नव्हती. आणि त्या दिवशी निफ्टी ११,४०० च्या आसपास होता, मार्चच्या तळापासून जवळपास दीडपट. ती बातमी एप्रिल ते जून या काळाची होती, बाजार पुढच्या वर्षाचा विचार करत होता. चांगल्या बातमीची वाट बघणारा मी, जे युनिट विकले होते ते बरेच महागात परत घेतले.

तेव्हापासून एक वही आहे. आखीव, साधी. बातमीने पोटात गोळा आला की विकायच्या बटणाकडे न जाता मी चार गोष्टी लिहितो: तारीख, मथळा, मला काय करावंसं वाटतंय, आणि ही बातमी पंधरा वर्षांनंतरच्या पैशाला कशी लागू होते. ४ जून २०२४ च्या पानावर तिसऱ्या रकान्यात ‘निम्मं काढून एफडी’ असं लिहिलंय आणि चौथा रकाना कोरा आहे. तो भरता आला नाही, म्हणून मी काही केलं नाही. तीन महिन्यांनी पान परत उघडायचं. दहा-बारा पानं झाली की स्वतःची घबराट कशी दिसते ते ओळखू यायला लागतं.

शनिवारचं वाचन पाऊण तासाचं. आठवड्याचा बंद भाव, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असेल तर तिचं स्वतःचं निवेदन (ते दर दोन महिन्यांनी येतं), आणि एखादा मोठा लेख. ‘नफावसुलीमुळे निर्देशांक घसरला’ छापाच्या बातम्या मी सोडून देतो. बाजार साडेतीनला बंद होतो आणि चारपर्यंत कुणाला तरी कारण लिहावंच लागतं. ‘परदेशी संस्थांची विक्री’ हेही तसंच. त्यांनी विकलेला प्रत्येक शेअर कुणीतरी घेतलेला असतो, आणि हल्ली तो बऱ्याचदा तुमच्या-माझ्या एसआयपीच्या पैशातून देशी फंडांनी घेतलेला असतो. फोनवरच्या सूचना बंद, मुख्य पडद्यावरचा निर्देशांकाचा चौकोन काढून टाकलेला, आणि स्वतःच्या गुंतवणुकीचं एकूण मूल्य तीन महिन्यांतून एकदा. शेवटचं सगळ्यात अवघड जातं.

या पद्धतीने पडझड टळत नाही, हे नीट समजून घ्या. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निफ्टी २६,२०० वर होता आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२,१०० च्या खाली. सुमारे १६ टक्क्यांची ती उतरण कित्येक शुक्रवारी दिसत राहिली. तेव्हा वही उपयोगी पडते, दिवस बदलणं नाही. आणि तीन वर्षांत लागणारे पैसे (मुलीची फी, घराचा हप्ता) शेअरमध्ये असतील तर त्या भीतीत तथ्य आहे. ते पैसे तिथून काढा, पण शांत आठवड्यात.

काही बातम्यांना मात्र शनिवारपर्यंत थांबवू नका. तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे थेट शेअर असतील आणि तिच्या लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला, किंवा प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर वाढले, तर बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीने किंवा प्रवर्तकांनी स्वतः दिलेली घोषणा त्याच दिवशी वाचा. राजीनाम्याच्या पत्रात कारण दिलेलं असतं. वर्तमानपत्रात त्याची दोन ओळींची बातमी येते. तुमचा फंड इंडेक्सचा आहे, त्यामुळे तुम्हाला हे फारसं लागणार नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचं एकच पत्र: फंडाचं मूळ स्वरूप बदलत असेल किंवा तो दुसऱ्या योजनेत विलीन होत असेल, तर फंड कंपनी आधी कळवते आणि किमान ३० दिवस एक्झिट लोड न लावता बाहेर पडू देते. ते ईमेलवर येतं आणि जाहिरातींच्या ढिगात हरवतं. फंड कंपनीच्या पत्त्यावरून येणाऱ्या मेलसाठी वेगळा फोल्डर करा आणि शनिवारी वाचन तिथून सुरू करा.