‘करू शकतो’ खोडा, मग बघा काय उरतं

प्रश्न: आमच्या अ‍ॅपच्या अटी आणि प्रायव्हसी नोटीस कुणालाही कळेल अशा भाषेत लिहायची आहे. वकील म्हणतात, सोपं केलं की कायद्यात लंगडं पडतं. सुरुवात कुठून करू?

जुना मजकूर समोर ठेवून त्यातले शब्द सोपे करत बसू नका. मी आधी तेच केलं आणि आठवडा वाया घालवला. शब्द सोपे झाले, पण नोटीस तितकीच धूसर राहिली, कारण मूळ वाक्यात माहितीच नव्हती. सुरुवात अ‍ॅप लिहिणाऱ्या माणसाकडून करा.

आमचं एक कलम असं होतं: ‘सेवा पुरवणे व तिच्यात सुधारणा करणे या हेतूने आम्ही आपल्या उपकरणावरील संपर्कविषयक माहिती संकलित करू शकतो व ती भागीदारांना उपलब्ध करून देऊ शकतो.’ मी डेव्हलपरला शेजारी बसवून विचारत गेलो. नक्की काय उचलता? नावं आणि नंबर, अख्खी यादी. कधी? ‘मित्र शोधा’ दाबल्यावर, आणि त्यानंतर रोज एकदा. हे ‘रोज’ आमच्या मॅनेजरलाही ठाऊक नव्हतं! भागीदार कोण? सर्व्हर भाड्याने देणारी एक कंपनी, बस. अ‍ॅप काढून टाकलं तर? यादी सर्व्हरवर तशीच राहते.

मग लिहिलं ते असं:

‘तुम्ही “मित्र शोधा” दाबलंत, तर तुमच्या फोनमधली सगळी नावं आणि नंबर आमच्या सर्व्हरवर येतात. नवे नंबर कळावेत म्हणून आम्ही ही यादी रोज पुन्हा घेतो. यात जे लोक आमचं अ‍ॅप वापरत नाहीत, त्यांचेही नंबर असतात. फोनच्या सेटिंगमधून परवानगी बंद केलीत, तर नवी यादी येणं थांबतं, पण जुनी राहते. अ‍ॅप काढून टाकलंत तरी राहते. ती पुसायची असेल तर अ‍ॅपमध्ये “यादी पुसा” दाबा.’

हे बटण तोवर नव्हतंच. वाक्य लिहून झाल्यावर इतकं लाजिरवाणं दिसलं की बनवावं लागलं. मूळ कलमापेक्षा हा मजकूर लांब आहे, त्याची काळजी करू नका. लोक लांबीला तितके कंटाळत नाहीत, जितके हाती काही न लागण्याला कंटाळतात.

एक खड्डा मात्र सांभाळा. डेव्हलपर म्हणाला, ‘नंबर हॅश करून ठेवतो, म्हणजे आम्हालाही दिसत नाहीत, असं लिहा.’ हॅश म्हणजे नंबरावरून गणिताने काढलेली खूण, जिच्यावरून उलटं मागे जाता येत नाही. ऐकायला छान आहे. पण दहा आकडी नंबर फार तर १००० कोटी असू शकतात. साध्या हॅशमध्ये सगळ्यांच्या खुणा काढून जुळवून बघणं संगणकाला अवघड नाही. मागे जायची गरजच पडत नाही. म्हणून ‘आम्हाला दिसत नाहीत’ हे वाक्य सोपं आहे, पण खोटं आहे. आम्ही लिहिलं, ‘नंबर सांकेतिक रूपात ठेवतो, पण ठरवलं तर ते ओळखता येतात.’ यावर ऑफिसात दोन दिवस वाद चालला.

आता वकिलांचं. ‘करू शकतो’ हा त्यांचा आवडता शब्द, कारण त्यात उद्याचंही सामावतं. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, जो २०१८पासून लागू आहे, कलम १२ साध्या आणि स्पष्ट भाषेची अटच घालतं. त्यावरच्या अधिकृत मार्गदर्शनात ‘may’, ‘might’, ‘some’, ‘often’ असे शब्द टाळा असं सांगितलं आहे. ग्राहकांशी होणाऱ्या करारांबद्दल १९९३च्या युरोपीय निर्देशात तर असं आहे की अटीच्या अर्थाबद्दल शंका असेल, तर ग्राहकाला अनुकूल अर्थ धरायचा. म्हणजे तिथे धूसर वाक्य कंपनीला वाचवत नाही, गोत्यात आणतं. वकिलांना हे दाखवलं की सूर बदलतो. लवादासारखा शब्द मात्र काढू नका. तो ठेवा आणि पुढच्याच वाक्यात सांगा, ‘म्हणजे भांडण झालं तर कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेला माणूस निकाल देईल.’ वकिलांसाठी एक आणि लोकांसाठी एक असे दोन मजकूर ठेवायचा मोह होतो. ठेवलेत तर दोन्ही एकाच दिवशी बदला, नाहीतर लोकांच्या मजकुरात एक आणि करारात दुसरं अशी गत होते.

शेवटी चाचणी. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. प्रसंग द्या: ‘तुम्ही काल अ‍ॅप काढून टाकलंत. आज तुमच्या मावशीचा नंबर आमच्याकडे आहे का?’ आमच्या पहिल्या पाच जणांपैकी तिघे ‘नाही’ म्हणाले. तेव्हा अ‍ॅप काढण्याबद्दलचं वाक्य परवानगीच्या वाक्यातच कोंबलेलं होतं. ते सुटं केलं आणि दुसऱ्या पाच जणांना विचारलं, तर एकच चुकला. तो म्हणाला, ‘वाचलं होतं, पण खरं वाटलं नाही.’