गोविंदनगरचा गाळा घ्यावा की पार्सले पाठवावीत?

«ताई, पंचवटीत आमचे फराळाचे छोटे दुकान नऊ वर्षांपासून चालू आहे. चकली, कडबोळी, लाडू, मेतकूट आणि भाजणी हा माल मी दोन मदतनीस बायकांसह घरीच करते. यजमान नुकतेच निवृत्त झाले असून, मिळालेल्या पैशांतील सहा लाख घालून गोविंदनगरला गाळा घ्यावा असे त्यांच्या मनात आहे. भाडे 28,000, अनामत दीड लाख आणि करार तीन वर्षांचा. मुलगा म्हणतो की, पुण्या-मुंबईहून इतके फोन येतात, तर आधी ऑनलाइन विकू. मालकाला पंधरा दिवसांत उत्तर हवे आहे. घरात रोज यावरूनच बोलणे होते. मी कोणाचे ऐकावे? – एक वाचक, नाशिक»

ताई, तुमच्या पत्रात भाडे आहे, अनामत आहे, फोनही आहेत. परंतु गोविंदनगरहून आज किती गिऱ्हाईक तुमच्याकडे येते आणि फोन करणाऱ्यांपैकी किती जणांनी आगाऊ पैसे पाठवले, हे दोन आकडे नाहीत. हे आकडे हाती येईपर्यंत यजमानांचे किंवा मुलाचे ऐकण्याचा प्रश्नच येत नाही, कारण दोघेही अंदाजानेच बोलत आहेत.

आधी गाळ्याचे पाहू. भाडे, दोन माणसांचा प्रत्येकी 14,000 पगार आणि वीज व मालाची ने-आण यांचे नऊएक हजार धरले, तर दरमहा 65,000 रुपये शटर उघडण्याआधीच ठरून जातात. कच्चा माल, तेल, गॅस आणि करणाऱ्यांची मजुरी वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीत तुमच्या हाती 35 रुपये उरतात असे मी धरते. तुमचा खरा आकडा वहीतून काढून इथे घाला. या हिशेबाने केवळ खर्च भागवण्यासाठी महिन्याला सुमारे 1,86,000 रुपयांची विक्री हवी. महिन्याचे 26 दिवस आणि सरासरी बिल 240 रुपयांचे मानले, तर ती रोज 30 बिले होतात.

मात्र ही तीस बिले नव्या गिऱ्हाइकांची असली पाहिजेत, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. माझ्या माहेरी फरसाणाचे दुसरे दुकान काढले तेव्हा वडील दोन्ही गल्ले एकत्र मोजत असत. जुन्या दुकानाची विक्री घटते आहे आणि तेच लोक आता जवळच्या दुकानात जात आहेत, हे कळायला सात महिने गेले. गोविंदनगरच्या दर तीन बिलांतील एक जर पंचवटीला येणाऱ्याच माणसाचे असेल, तर नव्या गल्ल्यावर रोज 45 बिले दिसली तरच घरात 30 बिलांचा नवा पैसा येईल.

समजा, नवी बिले रोज 18 वरच थांबली. मग दरमहा सुमारे 25,700 रुपये खिशातून जातील, म्हणजे वर्षाला तीन लाखांहून थोडे अधिक. रॅक, काउंटर, पाटी आणि वायरिंग यांवर अडीच लाख गेले असतील, तर वर्षअखेरीस साडेपाच लाख संपलेले असतील. फर्निचर मोडून येईल तेवढेच परत. त्यात करारात लॉक-इनची अट असेल, तर दुकान बंद करूनही त्या मुदतीचे भाडे द्यावे लागू शकते. यजमान स्वतः बसले, तर एक पगार वाचेल आणि खर्च भागवणारी बिले तीसवरून साधारण चोवीसवर येतील हे खरे आहे. पण मग त्यांचे दिवसाचे दहा-बारा तास बिनपगारी जातील, आणि निवृत्तीनंतर त्यांना हेच हवे आहे का, हे त्यांना शांतपणे विचारायला हवे.

आता मुलाचे म्हणणे. त्यात जोखीम कमी आहे. पण कमाईही तो समजतो तेवढी नाही. 800 रुपयांच्या पार्सलमागे तुमचे 280 रुपये सुटतात. त्यातून डबा-पॅकिंगचे 45, कुरियरचे 110 आणि पैसे स्वीकारण्याच्या सोयीचे 16 गेले की 109 उरतात. वीसांतील एक पार्सल फुटून पुन्हा पाठवावे लागले, तर तो भार प्रत्येक पार्सलवर 34 रुपये पडतो आणि हाती राहतात 75. महिन्याला वीस हजार मिळवायचे, तर जवळपास 270 पार्सले भरावी लागतील. दुसऱ्यांच्या संकेतस्थळावर माल ठेवला, तर त्यांचे कमिशन या 75 मधूनच जाणार.

शिवाय चकली कुरियरला महाग पडते. बऱ्याच कुरियर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये गुणून तिला 5000 ने भागतात आणि तो आकडा वजनापेक्षा मोठा असेल, तर त्यावर पैसे घेतात. किलोभर चकली न मोडता पाठवायला 30×25×15 चे खोके लागले, तर आकार सव्वादोन किलोचा होतो. तेवढेच मेतकूट 20×15×10 च्या खोक्यात बसते आणि खऱ्या वजनावरच, म्हणजे एक किलोच्या थोडे वर, जाते. म्हणून बाहेरगावी मेतकूट, भाजणी आणि घट्ट वळलेले लाडू पाठवा. चकलीची चव कितीही नावाजलेली असली, तरी ती दुकानातच विका. पैसे आगाऊ घ्या. माल पोहोचल्यावर पैसे देण्याची सवलत दिली आणि पार्सल परत आले, तर जाण्या-येण्याचे भाडे तुमच्या अंगावर पडते आणि तोवर खाण्याचा पदार्थ जुना झालेला असतो.

माझे मत असे की, सहा लाखांना आत्ता हात लावू नये आणि आठ आठवडे दोन्ही मागण्या मोजाव्यात. हे आठवडे दिवाळीचे नसावेत, कारण दिवाळीत कोणत्याही गल्लीत फराळ खपतो आणि त्यावरून आषाढातील गल्ला कळत नाही. प्रत्येक बिलामागे गिऱ्हाईक कोणत्या भागातून आले, हे वहीत लिहा. बाहेरगावच्या फोनांचे दोन रकाने करा: विचारणारे आणि पैसे पाठवणारे. गोविंदनगरमधील एखाद्या किराणा किंवा डेअरीवाल्याला पंधरा टक्के कमिशन देऊन त्याच्याकडे तुमचा काउंटर लावा व तिथे यजमानांना बसू द्या. त्या कमिशनमुळे फारसे उरणार नाही, पण दीड लाखाची अनामत न देता त्या रस्त्यावरचे गिऱ्हाईक कळेल. शेवटच्या चार आठवड्यांत मंगळवार ते गुरुवार या साध्या दिवसांत रोज किमान वीस नवी बिले होत असतील आणि त्यांतील बरेच चेहरे पुन्हा पुन्हा येत असतील, तर गाळ्याचा विचार रास्त आहे. वीसचा हा आकडा आजच तिघांनी कागदावर लिहून ठेवा, म्हणजे नंतर कोणी तो आपल्या बाजूला ओढणार नाही.

आणखी एक पाहा. पंचवटीच्या दुकानात संध्याकाळी सातला कोणता माल संपलेला असतो? गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात असेल, तर नवे भाडे न देता होणारी विक्री तुम्ही रोज गमावत आहात, आणि तिसरी मदतनीस ठेवणे हा त्यावरचा पहिला खर्च आहे. दोन बायकांच्या हातांवर दुसरे दुकानही चालणार नाही आणि पार्सलेही वेळेवर निघणार नाहीत.

गाळा ठरलाच, तर त्या जागेसाठी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना वेगळा घ्यावा लागेल. मालकाला मात्र पंधरा दिवसांत टोकन देऊ नका. अकरा महिन्यांचा करार आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांचे लॉक-इन, या अटींवर आपण दोन महिन्यांनी बोलू, असे त्यांना कळवा. त्यांनी तोवर तो दुसऱ्याला दिला, तर देऊ द्या. वही भरलेली असेल, तर पुढच्या गाळ्याचे भाडे तुम्हाला झेपेल की नाही, हे तुम्ही त्याच दिवशी सांगू शकाल.