४.२ लिटरच्या एअर फ्रायरमध्ये एका वेळी किती मावतं?

प्रश्न: ऑनलाइन ४.२ लिटर, १४०० वॅटचा एअर फ्रायर बघतेय. "चार जणांच्या कुटुंबासाठी, ९० टक्के कमी तेल, साफ करायला सोपा" असं लिहिलंय. आम्ही चौघं आहोत. खरंच पुरेल का? वडे-भजी होतात का? आणि रोज धुवायला कितपत कटकट आहे?

उत्तर:

माझ्याकडे याच मापाचा एअर फ्रायर तीन वर्षं रोजच्या वापरात आहे आणि आमच्याही घरात चार माणसं आहेत. पुरतो, पण बहुतेक पदार्थांचे दोन घाणे काढावे लागतात. ते का, हे कळलं की जाहिरातीतले बाकीचे आकडेही नीट वाचता येतात.

४.२ लिटर हे बाहेर ओढायच्या खणाचं पूर्ण आकारमान आहे. तेवढं पाणी त्यात मावेल, एवढाच त्याचा अर्थ. माझा खण आतून १९ सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि साडेअकरा सेंटीमीटर खोल आहे. गुणाकार केला तर साधारण ४.२ लिटर होतात, म्हणजे कंपनीने खोटं काही लिहिलेलं नाही. पण खाली जाळी बसते, ती बुडापासून जवळजवळ दोन सेंटीमीटर वर असते. तिच्याखालची जागा तेल गळायला आणि हवा फिरायला लागते, तिथे पदार्थ ठेवता येत नाही. वरची जागाही काठोकाठ भरून चालत नाही, कारण तापलेली कॉइल आणि पंखा वरच्या बाजूला असतात. पंखा गरम हवा पदार्थांच्या सगळ्या बाजूंनी जोरात फिरवतो. जिथे हवा लागते तिथेच कुरकुरीत होतं. वडीवर वडी रचली की दोघींचा चिकटलेला भाग पांढरा आणि ओलसर राहतो.

म्हणून माझ्या मते खरेदी करताना लिटरपेक्षा जाळीची लांबी-रुंदी विचारावी. ती वर्णनात नसेल तर त्याच पानावर विक्रेत्याला प्रश्न टाका, किंवा ग्राहकांनी टाकलेले फोटो नीट बघा. जाळीवर काहीतरी ठेवलेलं असतं, त्यावरून अंदाज येतो. चौकोनी आणि गोल यातही मोठा फरक पडतो. १९ सेंटीमीटर बाजूच्या चौकोनात जेवढं मावतं, त्याच्या पाऊण पटीहून थोडंच जास्त १९ सेंटीमीटर व्यासाच्या गोल बास्केटमध्ये बसतं. चौघांसाठी घेणार असाल तर चौकोनीच घ्या.

आता एक पदार्थ पूर्ण सांगते, म्हणजे प्रत्यक्षात कसं होतं ते कळेल. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी कोथिंबीर वडी असते. माणशी सहा, म्हणजे चोवीस वड्या. उंडे नेहमीसारखे वाफवून, पूर्ण गार करून कापायचे. वडी चार सेंटीमीटरची असेल आणि मध्ये अर्धा सेंटीमीटर मोकळा सोडला, तर माझ्या जाळीत एका ओळीत चार आणि एकूण सोळा बसतात. पहिला घाणा सोळांचा, दुसरा आठांचा.

फ्रायर २०० अंशांवर तीन मिनिटं रिकामा तापवून घेते. तोवर वड्यांच्या सगळ्या बाजूंना ब्रशने तेल लावायचं. चोवीस वड्यांना दोन-तीन छोटे चमचे लागतात. सात मिनिटांनी उलटायच्या, मग आणखी पाच मिनिटं. दुसरा घाणा दहा मिनिटांत होतो, कारण भांडं तापलेलंच असतं. सगळं मिळून पंचवीस-सव्वीस मिनिटं. कढईत हेच काम याच्या जवळपास निम्म्या वेळात होतं, त्यामुळे "झटपट" हा शब्द मी वाचून सोडून देते. फायदा वेगळा आहे: या वेळात तुम्हाला शेगडीपुढे उभं राहावं लागत नाही.

पहिल्यांदा केल्या तेव्हा माझ्या वड्यांवर पांढरट, कोरडं बेसन दिसत होतं आणि खाताना घशाला लागत होतं. तेल कमी पडल्याचं ते लक्षण. बेसनाला तळणीत तेल आपोआप मिळतं, इथे ते आपण द्यावं लागतं. आता मी पीठ भिजवतानाच एक मोठा चमचा मोहन घालते आणि वरून ब्रश फिरवते. झाली का हे रंगावरून आणि आवाजावरून कळतं. कडा तपकिरी होतात आणि चिमट्याने टोकरल्यावर टक्‌ असा कोरडा आवाज येतो.

"९० टक्के कमी तेल" यात तुलना कढईत ओतलेल्या तेलाशी असते. कढईत अर्धा लिटर तेल ओतलं तरी ते सगळं आपण खात नाही, बरंचसं उरतं. त्यामुळे पोटात जाणारं तेल नक्की कमी होतं, पण त्या आकड्याइतकं नाही. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवणं बंद झालं, हा मला जास्त मोलाचा फायदा वाटतो.

तुमच्या वडे-भजीच्या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा वेगळं आहे. पातळ पिठात बुडवलेलं काहीही यात होत नाही. बटाटेवडा, कांदाभजी, मिरचीभजी यांचं पीठ कढईत पडता क्षणी गरम तेलाने धरलं जातं. इथे धरायला काही नसतं. पीठ जाळीच्या भोकांतून खाली ओघळतं आणि बुडाशी करपतं. ज्याला आधीपासून आकार आहे आणि ज्याचा पृष्ठभाग कोरडा आहे, ते चांगलं होतं: वड्या, कटलेट, साबुदाणा वडा, फ्रोझन सामोसे, रव्यात घोळवलेली सुरमई. माशाला रवा हाताने दाबून बसवायचा आणि त्यावर तेलाचे थेंब टाकायचे, नाहीतर पंख्याने रवा उडतो. सुरमईचे चार मध्यम तुकडे २०० अंशांवर दहा-बारा मिनिटांत होतात, आणि घरभर तळणीचा वास राहत नाही. साबुदाणा वडा कुरकुरीत होतो, पण कढईतल्यासारखा फुलत नाही, हे पाहुण्यांना करण्याआधी माहीत असू द्या.

बटाट्याच्या फ्रेंच फ्राइजचा फोटो प्रत्येक जाहिरातीत असतो. घरचा ताजा बटाटा असेल तर एका घाण्यात ३०० ग्रॅमच्या वर जाऊ नका. कापून अर्धा तास गार पाण्यात ठेवायचा, फडक्यावर अगदी कोरडा करायचा, एक छोटा चमचा तेल चोळायचं आणि १८० अंशांवर वीस मिनिटं. मध्ये दोनदा खण ओढून हलवायचा. एकदम अर्धा किलो घातला तर बटाट्यातलं पाणी वाफ होऊन आतच कोंडतं आणि फ्राइज उकडल्यासारख्या मऊ पडतात. जाहिरातीतली "बारा मिनिटं" बहुधा फ्रोझन फ्राइजची असतात. त्या कारखान्यातच एकदा तळलेल्या असतात.

पापड मात्र मोकळा ठेवू नका. तो हलका असतो, पंख्याने उडून तापलेल्या कॉइलला चिकटतो आणि जळतो. सोबत मिळणाऱ्या कागदाचंही तसंच आहे. फ्रायर आधी तापवताना रिकामा कागद आत कधीच ठेवायचा नाही, वर पदार्थाचं वजन हवंच.

वॅटचं थोडक्यात सांगते. ४ लिटरच्या मापाला १४०० वॅट योग्य आहे. वॅट जास्त म्हणजे बिल जास्त, असं सरळ नसतं. ठरवलेलं तापमान आलं की कॉइल बंद होते आणि कमी झालं की पुन्हा चालू होते. वरच्या वड्यांची सव्वीस मिनिटं कॉइल सलग चालू राहिली असं धरलं, तरी वीज ०.६ युनिट होते. १० रुपये युनिट धरा, तर सहा रुपये. प्रत्यक्षात त्याहून कमीच.

सॉकेटकडे मात्र लक्ष द्या. १४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सहा अँपियरच्या किंचित वर. स्वयंपाकघरातलं छोटं सॉकेट तिथे मर्यादेवर येतं, म्हणून मिक्सरसारखा कुठेही लावू नका. मोठ्या पिनचा, १६ अँपियरचा पॉइंट वापरा, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. वापरून झाल्यावर प्लग हाताला गरम लागला तर सॉकेट बदलून घ्यायची वेळ आली, असं समजा.

तुमच्याकडे व्होल्टेज उतरत असेल तर आणखी एक गोष्ट. माझ्या बहिणीकडे गावी संध्याकाळी १९० व्होल्टपर्यंत येतं. तिथे तोच १४०० वॅटचा फ्रायर साडेनऊशे वॅटच्या आसपास काम करतो, कारण व्होल्टेज उतरलं की कॉइलची उष्णता त्याहून जास्त प्रमाणात उतरते. ती पाच-सहा मिनिटं वाढवते आणि घाणा लहान ठेवते. मशीन बिघडलं म्हणून तिने सर्व्हिसवाल्याला बोलावलं होतं; मशीन ठणठणीत होतं.

आता साफसफाई. खण आणि जाळी धुणं खरंच सोपं आहे, फक्त लगेच केलं पाहिजे. पदार्थ काढला की कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पंधरा मिनिटं ठेवते, मग मऊ स्पंजने पुसलं की सगळं निघतं. रात्रभर तसंच राहिलं तर तंदुरी चिकनचा मसाला आणि दही जाळीवर सिमेंटसारखं बसतं. तारेची घासणी लावू नका, नॉनस्टिकचा थर जातो. डब्यातला स्प्रे तेल मारू नका. त्याचा चिकट पिवळा थर बसतो आणि तो साबणाने जात नाही. ब्रश किंवा साधी स्प्रे बाटली पुरते.

घेताना जाळी कशी आहे ते बघा. भोकं पाडलेला सपाट पत्रा असेल तर चांगलं. बारीक तारांची विणलेली जाळी असेल तर बेसन आणि चीज तिच्यात अडकतं आणि टूथब्रश घेऊन बसावं लागतं. पत्र्याच्या कोपऱ्यांना रबराच्या छोट्या टोप्या असतात. त्यांच्याखाली तेल साठतं, म्हणून आठवड्यातून एकदा त्या काढून धुवायच्या आणि मोजून परत लावायच्या. एक हरवली तर पत्रा खणाला घासून ओरखडे पाडतो.

जाहिरातीत ज्याचा उल्लेख नसतो ती जागा म्हणजे वरची कॉइल. चिकन, मासे, पनीर टिक्का यांचं तेल उडून तिथे बसतं. रिकामं मशीन तापवताना धूर आला किंवा गोड पदार्थाला माशाचा वास लागला, तर कॉइल माखली आहे. मी महिन्यातून एकदा प्लग काढते, मशीन पूर्ण गार होऊ देते, खण काढून मशीन जाड टॉवेलवर उलटं ठेवते. मग मऊ ब्रशने कॉइलवरची कोरडी काजळी झाडायची आणि साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यायचं. आत पाणी ओतायचं नाही. नंतर दोन तास तसंच वाळू द्यायचं आणि पहिल्यांदा पाच मिनिटं रिकामं चालवायचं.