भागधारणेच्या तक्त्यातील तिसरा गट

भागधारणेचा तक्ता वाचताना बहुतेक जण प्रवर्तक आणि जनता या दोनच गटांवर थांबतात. तुम्ही मात्र 'नॉन प्रमोटर-नॉन पब्लिक' हा तिसरा गटही पाहावा, कारण कर्मचारी कल्याण ट्रस्टकडील शेअर तेथे असतात. सेबीच्या नियमांनुसार या ट्रस्टला मतदान करता येत नाही. समजा, १०० शेअरपैकी प्रवर्तकांकडे ५०, जनतेकडे ४५ आणि ट्रस्टकडे ५ आहेत. मते ९५च उरतात, म्हणून प्रवर्तकांचे मतबल ५२.६ टक्के होते, जे तक्त्यातील ५० टक्क्यांवरून ध्यानात येत नाही. ताळेबंदातील 'ट्रेझरी शेअर' बहुधा याच ट्रस्टचे असतात, कारण भारतात कंपनीने बायबॅक केलेले शेअर रद्दच करावे लागतात. अमेरिकन कंपन्यांप्रमाणे ते स्वतःकडे राखून ठेवता येत नाहीत.