मुलीची शाळेची फी पोर्टलवर भरताना दोनदा पैसे कापले गेले. जादाचे परत कसे मिळवायचे? बँक म्हणते शाळेला विचारा, शाळा म्हणते बँकेला विचारा.

शाळेत गेल्यावर मुलीचं नाव सांगू नका, यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर सांगा. माझे तीन हेलपाटे या एका चुकीपायी झाले.

दुसऱ्या टर्मची फी साडेअठरा हजार, शेवटची तारीख, रात्री पावणेदहा. यूपीआयचा पिन टाकला, बँकेचा मेसेजही आला, पण पोर्टलवरचं चाक फिरतच राहिलं. मग 'Payment Failed'. पुन्हा भरले, लगेच पावती आली. खात्यातून मात्र सदतीस हजार गेलेले.

आमच्या यांचं म्हणणं, "येतील आपोआप." तसे येतातही. पैसे कापले गेले पण पावतीची खबर दुकानदाराकडे, म्हणजे इथे शाळेकडे, पोचलीच नाही, तर पुढच्या पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी आणि त्यानंतर रोजचे १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे. मी सहा दिवस थांबले. काही आलं नाही.

बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली: दोन्ही व्यवहार यशस्वी, पैसे पलीकडे पोचलेत, आम्ही ओढून आणू शकत नाही. शाळेत गेले. फी घेणाऱ्या मॅडमनी मुलीचं नाव टाकलं: "एकच एंट्री आहे, आमच्याकडे दुसरे आलेच नाहीत." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गंमत अशी की दोघंही खरं बोलत होते. मॅडम बघत होत्या ती फीची वही. पहिली ऑर्डर पोर्टलने 'Failed' धरली, म्हणून ती मुलीच्या नावावर चढलीच नाही. पण पैसे मधल्या पेमेंट गेटवेकडे, म्हणजे शाळेसाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपनीकडे, उशिरा का होईना पोचले होते आणि गेटवे शाळेला प्रत्येक पालकाचे वेगळे पैसे पाठवत नाही. दिवसभराची रक्कम एकत्र, आपला आकार कापून, एकच गठ्ठा करून खात्यात टाकतो. शाळेच्या पासबुकात साडेअठरा हजार असा आकडा शोधून सापडणार कसा?

तिसऱ्या फेरीला मी अकाउंट बघणाऱ्या सरांकडे गेले. दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर, दोन्ही ऑर्डर नंबर आणि बँकेच्या स्टेटमेंटचं ते पान, एवढं एका कागदावर. म्हटलं, गेटवेच्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये हे दोन नंबर शोधा. दोन मिनिटांत दोन्ही सापडले. पहिल्यापुढे विद्यार्थ्याचा रकाना कोरा.

इथे खरी भानगड सुरू झाली. सर म्हणाले, "पुढच्या टर्ममध्ये वळते करून घेऊ ना." घरी आले तर हेसुद्धा तेच, "घे की वळते करून, कशाला वाकडेपणा?" माझं उत्तर तेव्हाही नाही होतं, आजही नाहीच आहे. तुमचे पैसे, तुमच्या खात्यात. मी त्याच दिवशी शाळेला ईमेल लिहिला: अमुक यूटीआरची रक्कम जादा आली आहे, मूळ खात्यावर परत करा. शाळेने गेटवेवरून रिफंड टाकला आणि आठवड्याभरात पैसे आले. पुढे मार्चमध्ये यांची बदली झाली, शाळा सुटली. वळते केले असते तर दाखल्याच्या धावपळीत त्या पैशांसाठी पुन्हा रांगेत उभी राहिले असते. हे मान्य करायला अजून तयार नाहीत, तो भाग वेगळा.

तुमची फी फारच थोडी असेल आणि शाळा लेखी देत असेल, तर घ्या वळते, माझं काही म्हणणं नाही. तुमच्या बाबतीत सेटलमेंट रिपोर्टमध्येही दुसरा यूटीआर सापडला नाही, तर मात्र शाळेचा दोष नाही. मग बँकेत लेखी तक्रार करा आणि तिचा नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तो बँकेला जाब विचारतो, शाळेला नाही. ते रोजचे १०० रुपयेही फसलेल्या व्यवहारालाच. माझ्यासारखे दोन्ही यशस्वी झाले असतील तर मागून उपयोग नाही. कार्डाने भरले असतील आणि शाळा दादच देत नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेला 'चार्जबॅक', म्हणजे पैसे परत मागण्याचा दावा, टाकायला सांगा, पण लवकर. त्याला मुदत असते.

आणि रिफंडसाठी पिन लागत नाही. नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका, पलीकडचा माणूस पिनच मागेल.

बाकी त्या रात्री दुसऱ्यांदा 'Pay' दाबायची घाई कोणी केली, यावर आमच्याकडे अजून वाद आहे. मी नव्हे.